डॉलरमधली फी, रुपयातली कमाई: अमेरिकेतल्या एम.एस.साठी पैशांची जुळणी

मुलाला किंवा मुलीला अमेरिकेत एम.एस.साठी पाठवायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न येतो, "किती लाख लागतील?" या प्रश्नाला लाखांत उत्तर देता येत नाही. खर्च डॉलरमध्ये आहे आणि तो एकदम होत नाही. दोन वर्षांत साधारण चार वेळा फी भरावी लागते: ऑगस्ट, जानेवारी, पुन्हा ऑगस्ट, पुन्हा जानेवारी. त्या चार तारखांना डॉलर ज्या भावाने मिळेल त्या भावाने तुमचे लाख ठरतील. म्हणून बचत, कर्ज आणि शिष्यवृत्ती या तिन्हींकडे बघताना एक प्रश्न कायम विचारायचा: हा पैसा रुपयात आहे की डॉलरमध्ये, आणि कोणत्या तारखेला हातात येणार आहे?

समजण्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. नाशिकचं एक कुटुंब आहे, दोघंही नोकरी करतात. मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, म्हणजे हातात चार वर्षं आहेत. आज 20 लाख रुपये बाजूला आहेत आणि महिन्याला 35 हजार टाकता येतात. नाशिकरोडला स्वतःचा एक फ्लॅट आहे, त्यावर कर्ज नाही.

आधी खर्चाचा कागद डॉलरमध्ये करा

प्रत्येक अमेरिकी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर Cost of Attendance नावाचं पान असतं. त्यात आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांची फी, आरोग्य विमा आणि राहण्या-जेवणाचा अंदाज दिलेला असतो. एजंटने सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका, या पानावरून तीन-चार विद्यापीठांचे आकडे स्वतः उतरवा. फी सेमिस्टरची आहे की क्रेडिटची, हे नीट बघा. क्रेडिटची असेल तर पदवीला एकूण किती क्रेडिट लागतात त्याने गुणायचं.

आपल्या उदाहरणात एका मध्यम खर्चाच्या सरकारी विद्यापीठाची फी सेमिस्टरला 12,000 डॉलर धरू, म्हणजे चार सेमिस्टरचे 48,000. राहणं, जेवण आणि विमा मिळून महिन्याला 1,500 धरले तर 24 महिन्यांचे 36,000. एकूण 84,000 डॉलर. विमानाचं तिकीट, व्हिसाचं शुल्क, अमेरिकी सरकारच्या विद्यार्थी नोंदणीचं सेव्हिस शुल्क, घराची अनामत आणि लॅपटॉप यांसाठी 3 लाख रुपये वेगळे ठेवू.

हे झाले आजचे भाव. मुलगी निघणार चार वर्षांनी. फी आणि राहणीमान वर्षाला 4 टक्क्यांनी वाढेल असं धरलं, तर 84,000 चे साधारण 98,000 डॉलर होतात. या आकड्यावरून पुढचं सगळं सोपं होतं: डॉलर एका रुपयाने महाग झाला की तुमचा खर्च 98 हजारांनी वाढतो. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात हे ठळक लिहून ठेवा.

डॉलरचा भाव कोणता धरायचा

2010 च्या अखेरीस डॉलर 45 रुपयांच्या आसपास होता, 2015 च्या अखेरीस 66 च्या आसपास आणि 2025 च्या अखेरीस 90 च्या आसपास. म्हणजे शेवटच्या दहा वर्षांचा वेग वर्षाला 3 टक्क्यांहून थोडा जास्त आणि पंधरा वर्षांचा साडेचार टक्क्यांच्या पुढे. नियोजनासाठी साडेतीन टक्के ठीक आहेत. आज 90 धरला तर चार वर्षांनी 103. त्या हिशोबाने 98,000 डॉलर म्हणजे 1 कोटी 1 लाख, वरचे 3 लाख धरून 1 कोटी 4 लाख रुपये. आजच्या भावाने हाच खर्च 78-79 लाख दिसतो. घरातला अंदाज 25 लाखांनी चुकतो तो इथे.

पण रुपया दरवर्षी शिस्तीत साडेतीन टक्के घसरत नाही. 2017 मध्ये तो 68 वरून 64 पर्यंत सुधारला होता. त्याआधी 2013 मध्ये मे महिन्यात 54-55 च्या आसपास असलेला डॉलर ऑगस्टच्या अखेरीस 68 च्या वर गेला. त्या ऑगस्टात 12,000 डॉलर फी भरायची असती तर मेच्या भावाने साडेसहा लाख लागले असते, प्रत्यक्षात आठ लाखांच्या वर गेले. खरी अडचण या उसळीची असते, कारण फी भरायची तारीख रुपया सावरेपर्यंत थांबत नाही. त्यामुळे 103 हा नियोजनाचा भाव आणि 113 हा "तरीही निभेल ना?" असा तपासण्याचा भाव, असे दोन आकडे कागदावर हवेत. 113 झाला तर जवळपास 10 लाख जास्त लागतात. ते कुठून येणार, याचं उत्तर आजच ठरवायचं आहे.

बचत: एका सेमिस्टरची फी डॉलरमध्ये साठवा

चार वर्षांच्या मुदतीत आणि कर जाऊन 6 टक्के परतावा धरला, तर आजचे 20 लाख सुमारे 25 लाख होतात आणि महिन्याचे 35 हजार सुमारे 19 लाख. एकूण 44 लाख. इतक्या कमी मुदतीत सगळा पैसा शेअर बाजारात ठेवू नका. आधीचा पैसा इक्विटी फंडात असेल तर निघायच्या दोन वर्षं आधीपासून तो टप्प्याटप्प्याने काढून मुदत ठेवीत किंवा अल्पमुदतीच्या कर्जरोखे फंडात आणा. बाजार आणि रुपया एकाच वेळी पडण्याची शक्यता बरीच असते. परदेशी गुंतवणूकदार शेअर विकून डॉलर बाहेर नेतात तेव्हा दोन्हीकडून मार बसतो.

आता महिन्याच्या 35 हजारांपैकी साधारण 27 हजार डॉलरमध्ये जाऊ द्या. आजच्या भावाने ते 300 डॉलर होतात, दर महिन्याचे 300 कायम ठेवले तर चार वर्षांत 14,400. चार वर्षांनंतरची एका सेमिस्टरची फी सुमारे 14,000 डॉलर असेल, म्हणजे ती पूर्ण भागते. रुपया कितीही घसरला तरी या एका सेमिस्टरला धक्का लागत नाही. रुपया सुधारला तर या बचतीची रुपयातली किंमत कमी दिसेल, पण त्याच वेळी उरलेली तीन सेमिस्टर स्वस्त होतील, तेव्हा ते वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

डॉलर साठवायचे कुठे? नोकरदार माणूस इथल्या बँकेत जाऊन सहज डॉलर विकत घेऊन त्यांची मुदत ठेव करू शकत नाही. रस्ते मुख्यतः दोन. पहिला, रिझर्व्ह बँकेच्या लिबरलाइज्ड रेमिटन्स योजनेतून पैसे बाहेर पाठवून अमेरिकी सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यांचा ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात विकला जाणारा फंड, घेणं, किंवा गिफ्ट सिटीतल्या बँकेत डॉलर खातं उघडणं. या योजनेत प्रत्येक व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, ती इथे आड येत नाही. दर महिन्याला पाठवलं तर हस्तांतरणाचं शुल्क खाऊन टाकतं, म्हणून तीन महिन्यांतून एकदा 900 डॉलर पाठवा. आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता, म्हणजे Schedule FA, भरायला विसरू नका. रक्कम लहान आहे म्हणून तो टाळता येत नाही.

दुसरा रस्ता भारतातल्या म्युच्युअल फंडांच्या परदेशी योजनांचा. तो सोपा आहे, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. यातल्या बहुतेक योजना अमेरिकी शेअरमध्ये असतात, त्यामुळे डॉलरचा धोका कमी होऊन शेअरचा धोका अंगावर येतो. आणि परदेशी गुंतवणुकीवर फंड उद्योगाला एकूण मर्यादा असल्याने योजना अधूनमधून नवे पैसे घेणं थांबवतात. तेव्हा त्यांचे ईटीएफ बाजारात खऱ्या मूल्यापेक्षा महाग मिळू लागतात. विकत घेण्याआधी iNAV, म्हणजे बाजार चालू असताना दाखवलं जाणारं ईटीएफचं खरं मूल्य, बघा. बाजारभाव त्याच्यापेक्षा 2-3 टक्क्यांहून वर असेल तर घेऊ नका.

कर्ज: मंजुरी रुपयात असते, हे विसरू नका

1 कोटी 4 लाखांतून 44 लाख बचत वजा केली तर 60 लाख उरतात. एवढ्या रकमेसाठी सरकारी बँकेचं तारणावरचं शैक्षणिक कर्ज सहसा स्वस्त पडतं. बिनतारणी कर्ज बिगरबँक वित्त कंपन्यांकडून लवकर मिळतं, पण व्याज जास्त असतं, आणि शिक्षण चालू असतानाच व्याजाचा काही भाग भरायला लावतात.

तारणाच्या कागदांना वेळ लागतो. मुलगी पुढच्या ऑगस्टला जाणार असेल तर आदल्या दिवाळीनंतर लगेच कामाला लागा. फ्लॅटसाठी नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू, सोसायटीचं ना-हरकत पत्र, मंजूर नकाशा आणि मालमत्ता कराची पावती लागते. त्यानंतर बँकेचा वकील शोध अहवाल देतो आणि मूल्यांकनकार येऊन किंमत ठरवतो. शेतजमीन बँका सहसा घेत नाहीत. गावठाणातल्या घराला फक्त ग्रामपंचायतीचा उतारा असेल आणि मिळकत पत्रिका नसेल, तर बहुतेक प्रकरणं तिथेच अडकतात. वडिलोपार्जित जागेवर काका-आत्यांची नावं असतील तर त्या सगळ्यांच्या सह्या लागतात. हे मे महिन्यात कळून उपयोग नसतो. महाराष्ट्रात मालकी हक्काची कागदपत्रं बँकेत ठेवून गहाण केल्यावर 30 दिवसांत दुय्यम निबंधकाकडे त्याची सूचना नोंदवायची असते, तीही विसरू नका.

आता चलनाचा मुद्दा. बँक 60 लाख रुपये मंजूर करते, ठरावीक डॉलर नाही. मंजुरीच्या दिवशी 103 चा भाव धरलेला असेल आणि तिसऱ्या सेमिस्टरला तो 111 झाला, तर तेवढ्याच लाखांत कमी डॉलर येतात. वाढीव कर्ज मागायला गेलात तर पुन्हा उत्पन्नाचे दाखले, कधी पुन्हा मूल्यांकन, आणि यात महिना जातो. तोपर्यंत विद्यापीठाची तारीख उलटून गेलेली असते आणि पुढच्या विषयांची नोंदणी अडते. म्हणून अर्ज देताना शाखा व्यवस्थापकांना सरळ विचारा, "साहेब, डॉलरचा भाव काय धरलात? थोडा वरचा धरता येईल का?" 60 लागणार असतील तर 70 लाखांची मंजुरी मागा. न उचललेल्या रकमेवर व्याज लागत नाही. प्रक्रिया शुल्क थोडं वाढेल, पण 113 च्या भावाचं जे उत्तर आपण शोधत होतो, त्यातलं सर्वांत स्वस्त उत्तर हेच आहे. फ्लॅटची किंमत आणि दोघांचं उत्पन्न एवढा भार पेलतं का, हे मात्र आधी तपासून घ्या.

आणखी एक प्रश्न विचारून ठेवा: "रक्कम पाठवताना कोणता दर लावता?" बँकेचा त्या दिवसाचा छापील विक्री दर बाजारातल्या दरापेक्षा रुपया-दीड रुपयाने महाग असू शकतो. 25,000 डॉलरच्या हप्त्यावर एक रुपया म्हणजे 25 हजार. मोठ्या रकमेला शाखेला वरून कमी दर मागवता येतो, पण कोणी मागितला तरच.

शिष्यवृत्ती: मिळाली तर कर्ज कमी, पण आधी हिशोबात धरू नका

शिष्यवृत्तीत सर्वांत किमती ती, जी डॉलरमध्ये मिळते. विद्यापीठाने सेमिस्टरला 2,000 डॉलर फी माफ केली तर रुपया घसरेल तशी त्या माफीची तुमच्यासाठीची किंमत वाढत जाते. टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिपचंही तसंच. मात्र एम.एस.ला ती पहिल्याच सेमिस्टरला मिळणं कठीण असतं. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना आधी प्राधान्य मिळतं, आणि प्राध्यापक सहसा ओळख झाल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या सेमिस्टरपासून विचार करतात. फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिप मोठी आहे, पण तिला कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर भारतात परतण्याची अट आहे. थेट पदवीनंतर जाणाऱ्या मुलीला तिचा उपयोग नाही.

भारतातल्या मदतीत महाराष्ट्र सरकारच्या परदेशी शिष्यवृत्ती योजना आहेत. अनुसूचित जातींसाठी सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज योजना, आदिवासी विकास विभागाची, इतर मागास बहुजन कल्याण विभागाची, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथीची, आणि खुल्या प्रवर्गासाठी तंत्रशिक्षण संचालनालयाची. उत्पन्नाची मर्यादा आणि विद्यापीठाचं जागतिक क्रमवारीतलं स्थान या दोन चाळण्यांतून बहुतेक अर्ज गळतात. त्यामुळे विद्यापीठांची यादी करतानाच त्या वर्षीची जाहिरात हाताशी ठेवा. जमशेदजी टाटा एन्डोमेंट आणि के. सी. महिंद्रा ट्रस्ट यांची मदत कर्ज-शिष्यवृत्तीच्या रूपात असते. ती परत करायची असते, म्हणून ती कर्जाच्या रकान्यात लिहा.

शिष्यवृत्तीचा निकाल आणि पहिला हप्ता बऱ्याचदा फी भरून झाल्यावर येतो. म्हणून पहिल्या सेमिस्टरची तजवीज तिच्याशिवाय पूर्ण हवी. नंतर मिळाली तर तेवढं कर्ज उचलू नका.

पैसे पाठवताना

बँकेत A2 अर्ज भरताना हेतूचा संकेत S0305 आहे ना, हे स्वतः बघा. तो शिक्षणासाठीचा आहे. काउंटरवर चुकून कुटुंबाच्या निर्वाहाचा संकेत पडला तर टीसीएस, म्हणजे पैसे बाहेर पाठवताना बँक आधीच कापून घेते तो कर, शिक्षणाऐवजी वेगळ्या, चढ्या दराने कापला जातो. 2025-26 या आर्थिक वर्षात एका व्यक्तीने वर्षभरात पाठवलेल्या पहिल्या 10 लाखांवर टीसीएस नव्हता, त्यावरच्या शिक्षणाच्या रकमेवर 5 टक्के होता, आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर अजिबात नव्हता. हे दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून पाठवायच्या वर्षीचा दर बँकेत विचारा. त्या दराने बचतीतले 20 लाख एकाच्या खात्यातून पाठवले असते तर 50 हजार कापले गेले असते. आईने 10 आणि वडिलांनी 10 आपापल्या खात्यातून पाठवले असते तर शून्य. कापलेली रक्कम बुडत नाही, विवरणपत्रात वळती होते, पण ऐन गरजेच्या वेळी अडकून पडते.

शुल्क कोणी सोसायचं, या रकान्यात OUR निवडा. नाहीतर मधली बँक आपलं शुल्क कापून घेते, विद्यापीठाच्या खात्यात 20-25 डॉलर कमी जमा होतात आणि एवढ्याशा बाकीसाठीही नोंदणीवर होल्ड लागू शकतो. मुलीने आपल्या विद्यार्थी खात्यात शिल्लक शून्य दिसते का, हे चार-पाच दिवसांनी तपासायचं.

कोणता पैसा कधी वापरायचा

पहिल्या ऑगस्टला फी आणि पाच महिन्यांचा खर्च मिळून सुमारे 22,800 डॉलर, म्हणजे 103 च्या भावाने साडेतेवीस लाख लागतील. ते रुपयातल्या बचतीतून द्या. परदेशी शिक्षणाच्या कर्जात बँक साधारण 15 टक्के वाटा तुमचा मागते, तो आधीच भरला जातो आणि व्याजही उशिरा सुरू होतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सेमिस्टरला कर्ज उचला. शेवटच्या जानेवारीची फी साठवलेल्या डॉलरमधून जाईल. त्या वेळी मंजूर कर्ज जवळपास संपलेलं असतं आणि भाव सर्वांत अनिश्चित असतो. म्हणून न हलणारा पैसा त्या तारखेला ठेवायचा. तिचा शेवटच्या महिन्यांचा राहण्याचा खर्च उरलेल्या कर्जातून निघेल. कॅम्पसवर आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करता येतं. ते मिळालं तर कर्ज कमी उचलायचं.

मुलगी गेल्यावर महिन्याचे 35 हजार मोकळे होतात. ते थेट कर्जाच्या व्याजाला लावा. पहिला 27 लाखांचा हप्ता उचलल्यावर 10 टक्क्यांनी महिन्याचं व्याज साडेबावीस हजार येतं. पुढे ते 42 हजार आणि शेवटी 50 हजारांपर्यंत जाईल, तेव्हा थोडी भर घालावी लागेल. शिक्षण अधिक एक वर्ष एवढ्या सवलतीच्या काळात काहीच न भरता सोडलं, तर 60 लाखांचे सुमारे 72 लाख होतात. दहा वर्षांच्या मुदतीला महिन्याचा हप्ता 95 हजारांच्या आसपास पडतो. व्याज भरत राहिलात तर तोच हप्ता 79 हजार. व्याज भरणाऱ्याला जुन्या करप्रणालीत पूर्ण व्याजाची वजावट मिळते, नव्या प्रणालीत नाही.

डॉलरमध्ये पगार मिळाला तर रुपयातलं कर्ज तिच्यासाठी हलकं होत जातं, कारण रुपया घसरला की कमी डॉलरमध्ये हप्ता भागतो. उलट, परदेशी कंपनीचं डॉलरमधलं कर्ज घेऊन ती भारतात परतली तर प्रत्येक घसरणीबरोबर हप्ता वाढेल. ओपीटी नावाच्या परवानगीवर शिक्षणानंतर 12 महिने काम करता येतं, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला आणखी 24 महिने. त्यानंतर सगळं एच-1बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीवर अवलंबून. म्हणून कर्जाची रक्कम ठरवताना पुण्यातल्या पगारातून हप्ता निघेल का, हेच विचारा. मुदत 15 वर्षांची घ्या. त्यात 60 लाखांचा हप्ता साडेचौसष्ट हजार येतो, आणि बदलत्या व्याजदराच्या कर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड नसल्याने अमेरिकेत नोकरी लागली तर ते पाच-सहा वर्षांतही संपवता येतं. साडेचौसष्ट हजारही पुण्याच्या पगारातून आणि आई-वडिलांच्या मदतीतून निघत नसतील, तर विद्यापीठांच्या यादीतली महाग नावं आत्ताच खोडा आणि खर्चाचा कागद पुन्हा करायला घ्या.